वाचकाला चकवा कसा घालावा : नवोदित रहस्यकथाकारांसाठी सोपा वस्तुपाठ

दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुमच्याकडे रहस्यकथा मागितली आणि तुम्ही भिडेखातर हो म्हणून बसलात. अभिनंदन, आणि मनापासून सहानुभूतीही. या घडीला तुमच्याकडे काय काय आहे ते पाहू. आप्पासाहेब नावाच्या श्रीमंत गृहस्थाचं प्रेत आहे, लोणावळ्याचा बंगला आहे, धो धो पाऊस आहे आणि दरड कोसळल्यामुळे बंगल्यात अडकून पडलेली पाच-सहा माणसं आहेत. खून कोणी केला, हे मात्र तुम्हाला अजून ठाऊक नाही. घाबरू नका. खुनी कोण हे शेवटून दुसऱ्या पानावर ठरवणाऱ्या लेखकांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि प्रस्तुत वस्तुपाठ त्याच घराण्याचा आहे.

तोवरची पानं भरायला तुम्हाला लागणार आहे तो चकवा. इंग्रजीवाले त्याला रेड हेरिंग म्हणतात. ज्याने खून केलेला नाही त्याच्याकडे वाचकाचं बोट वळवायचं आणि ज्याने केलाय त्याला बाजूला निवांत चहा पीत बसू द्यायचं, एवढंच त्याचं काम. चकवे दोन जातींचे असतात. एका जातीचा चकवा उलगडला की वाचक कपाळावर हात मारून घेतो आणि मागची पानं चाळायला लागतो. दुसऱ्या जातीचा उलगडला की तो अंक कॉटवर भिरकावतो. पहिल्या जातीला फार मेहनत पडते, म्हणून आपण दुसरी शिकणार आहोत. तरीही पहिली कशी करतात हे पाहून ठेवावं लागेल, नाहीतर एखाद वेळी चुकून तुमच्या हातून घडून जायची.

१. माळी नेमा

बंगला म्हटला की माळी आलाच. त्याचं नाव सखाराम ठेवा. त्याच्या हातात कोयता द्या आणि गालावर एक जुना व्रण द्या. पहिल्याच पानावर त्याला आप्पासाहेबांकडे एक विचित्र नजर टाकायला लावा. मग खुनाच्या रात्री, भर पावसात, कंदील घेऊन विहिरीपाशी उभा करा. कोणी हटकलं की त्याने दचकायचं आणि ‘काही नाही साहेब’ म्हणून अंधारात निघून जायचं.

तो तिथे का उभा होता, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. येऊ देऊ नका. त्या पानावर कोणीतरी उभं असणं तुमच्या सोयीचं होतं म्हणून तो उभा होता. नजर विचित्र का होती? नजरेची विशेषणं शोधताना तुम्हाला तेवढंच सुचलं म्हणून. मालिकांमध्ये तर एवढंही लागत नाही. कोणीही दार उघडून आत आलं की तीन बाजूंनी त्याचा चेहरा दाखवतात, ढॅण-ढॅण वाजवतात आणि जाहिराती लावतात. जाहिराती संपल्यावर कळतं की तो दूधवाला होता.

२. डॉइलसाहेबांसारखी उधळपट्टी करू नका

याच कामासाठी सर आर्थर कॉनन डॉइल यांनी एक बटलर नेमला होता. त्याच्यावर त्यांनी केलेला खर्च पाहिला की जीव हळहळतो. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ अशी ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः आली. इतक्या वर्षांत ज्यांना ती वाचायला सवड झाली नाही, त्यांनी हा भाग डोळे मिटून वाचावा.

इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात डार्टमूरचा उजाड माळ आहे. तिथल्या वाड्याचे मालक सर चार्ल्स संशयास्पद रीतीने मरण पावलेत, घराण्यामागे एका अमानवी कुत्र्याचा शाप असल्याची वदंता आहे आणि वारस सर हेन्री कॅनडाहून लंडनला आलाय. लंडनमध्ये काळ्या भरघोस दाढीचा एक माणूस घोडागाडीतून त्याच्या पाळतीवर असतो. होम्स विचारतो, तिकडे माळावर अशी दाढी कोणाला आहे? उत्तर येतं, वाड्याच्या बटलरला, बॅरीमोरला. झाली सुरुवात.

आता बॅरीमोर खरंच तिकडे आहे की लंडनला आलाय, हे पाहायला होम्स वाड्यावर तार पाठवतो. तार त्याच्याच हातात द्यायची, अशी पोस्टमास्तरला ताकीद देतो. बॅरीमोर घरीच असल्याचं उत्तर येतं आणि वाचक निश्वास सोडतो. दोन प्रकरणांनंतर वॉटसन गावच्या पोस्टात चौकशी करतो. तेव्हा कळतं, की तार पोचवणाऱ्या पोराने ती बॅरीमोरच्या बायकोच्या हातात दिली. नवरा माळ्यावर आहे असं ती म्हणाली आणि पोराने ते मान्य केलं. म्हणजे माणूस घरी असल्याचा पुरावा उडाला. शिवाय सर चार्ल्सच्या मृत्युपत्रात या जोडप्याला प्रत्येकी पाचशे पौंड ठेवलेले होते आणि ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

पुढे ऐका. वाड्यातल्या पहिल्याच रात्री वॉटसनला बाईच्या हुंदक्यांचा आवाज येतो. सकाळी बॅरीमोर सांगतो, माझी बायको रडत नव्हती. थोड्या वेळाने वॉटसनला ती बाई दिसते आणि तिचे डोळे रडून लाल झालेले असतात. मग एका रात्री दोनच्या सुमारास बॅरीमोर हातात मेणबत्ती घेऊन रिकाम्या खोलीच्या खिडकीशी उभा दिसतो, काचेला चेहरा लावून, माळाकडे पाहत. आता मला सांगा, याच्यात आणि आपल्या सखारामात काय फरक आहे? दोघंही अवेळी, दोघांच्याही हातात दिवा, दोघंही बोलायला तयार नाहीत.

फरक असा, की बॅरीमोरला ठाऊक आहे तो तिथे का उभा आहे. वाड्याकडे येतानाच, बटलरने दार उघडायच्याही आधी, आपल्याला रस्त्यात एक घोडेस्वार शिपाई भेटलेला असतो. सेल्डन नावाचा खुनी तुरुंग फोडून माळावर पळालाय आणि त्याच्यासाठी पहारे बसलेत, हे तेव्हाच कळतं. वाचक ते ऐकतो आणि धोका म्हणून मनात वेगळ्या कप्प्यात ठेवून देतो. हा सेल्डन बॅरीमोरच्या बायकोचा धाकटा भाऊ. मेणबत्ती ही त्याला जेवण तयार असल्याची खूण. हुंदके त्याच्यापायी आणि नवऱ्याचं खोटं बायकोला वाचवण्यासाठी. एकाच गुपिताने एवढे सगळे संशय फेडले, आणि ते गुपित पहिल्यापासून आपल्या डोळ्यांसमोरच होतं.

इतकं झाल्यावर कुठलाही शहाणा लेखक बॅरीमोरला स्वयंपाकघरात पाठवून मोकळा झाला असता. पण डॉइल त्याच्याकडून आणखी काम करून घेतात. सर हेन्रीने मेव्हण्याला पोलिसांच्या हाती दिलं नाही, या उपकाराच्या ओझ्याखाली बॅरीमोर एक गोष्ट सांगून टाकतो. मृत्यूच्या दिवशी सर चार्ल्सना एका बाईचं पत्र आलं होतं; ते जळालं, पण सहीची आद्याक्षरं वाचता येत होती. खऱ्या तपासाचं दार इथे उघडतं. शिवाय सर हेन्रीचे जुने कपडे बॅरीमोरकडे आले, त्याने ते मेव्हण्याला दिले. सर हेन्रीच्या वासावर सोडलेला तो प्रचंड कुत्रा त्या कपड्यांच्या मागे लागतो आणि सेल्डन कड्यावरून पडून मरतो. म्हणजे ज्या चकव्याचा मूळ खुनाशी काही संबंध नाही असं आपण नुकतंच समजून चुकलो होतो, त्यातूनच खुन्याची पद्धत उघडी पडते.

एवढी मेहनत तुम्हाला परवडणारी नाही. दिवाळी अंकाचं मानधन लक्षात घ्या.

एका गोष्टीत मात्र डॉइल आपल्या पंगतीला येऊन बसले, याची नोंद करताना आनंद होतो. ती दाढी. गाडीतल्या माणसाची दाढी खोटी होती, खुनी ती लावून आला होता. एवढं हुशारीचं काम करायला निघालेला माणूस दाढी ठेवील तर ती चेहरा लपवायलाच, असं होम्सने तेव्हाच बोलूनही दाखवलेलं असतं. पण ती नेमकी बटलरच्या दाढीसारखी का? निव्वळ योगायोग. बॅरीमोरच्या बाकी सगळ्या संशयांची फेड झाली, या एकाची झाली नाही. बाकीचा हिशेब चोख असल्यामुळे एवढी उधारी कोणी काढत नाही. तुमच्या कथेत सगळीच दाढी असेल, तेव्हा तुम्ही या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

३. एक परीक्षा आहे, ती कधीही घेऊ नका

काही चोखंदळ वाचक एक खोडसाळ प्रयोग करतात. ते मनातल्या मनात कथेतून खून काढून टाकतात आणि संशयित तरीही तसाच वागला असता का, ते बघतात. सर चार्ल्स जिवंत असते, तरी फरारी मेव्हणा माळावर उपाशी होताच. बॅरीमोर मेणबत्ती घेऊन खिडकीशी गेलाच असता, त्याची बायको रडलीच असती आणि तो खोटं बोललाच असता. त्याचं वागणं संशयास्पद होतं आणि वाचकाने संशय घेतला तोही बरोबरच होता. तो माणूस खरोखर काहीतरी लपवत होता. काय लपवत होता, एवढंच वाचकाचं चुकलं. म्हणून फसल्यावरही त्याला आपला अपमान झाला असं वाटत नाही.

आता आपल्या कथेतून आप्पासाहेबांचा खून काढा. सखाराम रात्री अकराला घोंगडी पांघरून घोरत पडलेला दिसेल.

ही परीक्षा टाळता येत नसेल, म्हणजे तुमच्या घरात कोणी फार वाचणारं माणूस असेल, तर नाइलाजाने सखारामला एखादं कारण द्यावं लागेल. पण सावध राहा, कारण दिलं की कामं वाढतात. समजा तो बागेतल्या मोटरपंपाचं डिझेल चोरून विकतो आणि डबे विहिरीच्या पायरीवर लपवतो. झालं! आता पहिल्या पानावर पंप हवा. आप्पासाहेबांनी ‘डिझेल इतकं कसं लागतं रे?’ म्हणून एकदा तरी कुरकुर करायला हवी. ती विचित्र नजर आता त्या कुरकुरीनंतरच टाकता येईल. वर, चोरी करायला रात्री उठलेल्या माणसाने दुसरं कोणालातरी व्हरांड्यातून जाताना पाहिलेलं असणार, आणि स्वतःची चोरी उघडी पडेल म्हणून तो ते सांगणार नाही. म्हणजे खुन्याचा साक्षीदार तुमच्या हातात आपोआप आला, आणि आता खुनी कोण हे तुम्हाला ठरवावंच लागणार. पाहिलंत? एका डिझेलच्या डब्यापायी माणूस कुठल्या कुठे वाहवत जातो.

४. निवेदकाला बिनधास्त खोटं बोलू द्या

रोनाल्ड नॉक्स नावाचे एक पाद्री होते. ते रहस्यकथा लिहीत आणि १९२९ साली त्यांनी या प्रकारासाठी दहा आज्ञा घालून दिल्या. गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको, आजवर कोणाला ठाऊक नसलेलं विष नको, जुळी भावंडं आधी कल्पना दिल्याशिवाय नकोत, वगैरे. त्यातल्या दोन आज्ञा आपल्या फार आड येतात. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागादोरा तिथल्या तिथे वाचकालाही दाखवला पाहिजे, ही एक. आणि गुप्तहेराच्या भाबड्या मित्राने, म्हणजे वॉटसनने, त्याच्या मनात आलेलं काहीही लपवता कामा नये, ही दुसरी. त्या मित्राची अक्कल सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित कमी असावी, असंही पाद्रीबुवा म्हणतात. त्याला आपली हरकत नाही.

त्यांना म्हणायचं होतं ते दोन वाक्यांत दाखवतो.

‘विहिरीकडून धप्प असा आवाज आला आणि कंदील विझला.’

‘सखारामने आपल्याजवळचं हत्यार विहिरीत टाकून दिलं.’

पहिल्या वाक्यात निवेदकाने जे ऐकलं-पाहिलं तेवढंच आहे. शेवटी तो आवाज डिझेलच्या डब्याचा निघाला तरी ते वाक्य खरंच राहतं. हत्यार वाचकाने स्वतःच्या डोक्याने त्यात भरलेलं असतं. दुसरं वाक्य शेवटी खोटं ठरतं आणि ते तुम्ही लिहिलेलं असतं, वाचकाने नव्हे. या दोन्हींच्या मध्ये तिसरी एक वाट आहे: ‘आवाज आला आणि माझ्या मनात आलं, हत्यार गेलं विहिरीत.’ इथे चुकला तो सांगणारा, कथा चुकली नाही. डार्टमूरवरून वॉटसन होम्सला जे अहवाल धाडतो, ते असेच आहेत. त्याने पाहिलेलं सगळं खरं आणि लावलेला अर्थ बराचसा चुकीचा. होम्स लंडनलाच आहे असं समजून तो पत्रं पाठवत राहतो, आणि माळावर चंद्रप्रकाशात दिसलेल्या अनोळखी आकृतीचा माग काढत जातो, तर तो होम्सच निघतो. तिथेही दिसलेली आकृती खरी होती. होम्सने मित्राला थाप मारली होती, पण तशी मारायला त्याच्याकडे कारण होतं: त्याला गुपचूप तपास करायचा होता.

आपण दुसरं वाक्य वापरू. ते छोटं आहे, ठसठशीत आहे आणि चित्रकाराला त्याच्यावर चांगलं चित्र काढता येतं. शेवटी वाचकाने विचारलंच, तर ‘त्या वेळी तसं वाटत होतं’ असं एक वाक्य टाकून द्यावं.

आणखी एक युक्ती आप्पासाहेबांच्या पुतण्यासाठी, विश्वाससाठी, राखून ठेवा. त्याच्या मनात शिरा. ‘काकांना आपलं गुपित कळलं तर? या विचाराने विश्वासचे हात थरथरले.’ एवढं लिहा आणि घाईघाईने मनाबाहेर पडा. ज्याच्या मनातलं सगळं आपल्याला ऐकू येतंय, त्याने नेमक्या त्या गुपिताचं नाव मनातसुद्धा का घेऊ नये, याला उत्तर नाही. विश्वास स्वतःशीच तोंडावर बोट ठेवून विचार करतो, असं समजा.

५. खरा धागा पेरू नका

चकवा एकटा असला की तो फार ओरडतो, असं जुन्या लेखकांना वाटे. म्हणून ते त्याच्या शेजारी, त्याच पानांवर, खरा धागा अगदी हळू आवाजात ठेवून देत. दाढीवाला माणूस लंडनमध्ये पाळतीवर असतो, त्याच सुमाराला सर हेन्रीच्या हॉटेलात एक हास्यास्पद प्रकार चाललेला असतो. त्याचा नवा कोरा तपकिरी बूट, एकच पाय, चोरीला जातो. मग तो खोलीतच सापडतो आणि एक जुना काळा बूट नाहीसा होतो. सर हेन्री वेटरवर आगपाखड करतो. हा प्रसंग चिडक्या पाहुण्याची करमणूक म्हणून वाचून आपण पुन्हा दाढीच्या मागे धावतो.

त्या बुटात सगळं होतं. नवा बूट कधी पायात घातलेलाच नव्हता, त्याला मालकाचा वास नव्हता. चोराला वास हवा होता, म्हणून त्याने तो परत केला आणि वापरलेला नेला. वास कोणाला हवा असतो? खऱ्याखुऱ्या कुत्र्याला. म्हणजे तो शापित, अमानवी कुत्रा हाडामांसाचा आहे, हे लंडनच्या हॉटेलातच कळायला हवं होतं. सगळं पानावर होतं. फक्त ते विनोदी प्रसंगाच्या वेषात होतं आणि शेजारी दाढी ओरडत होती. सेल्डनचा जीव गेला तो या बुटापायी आणि त्या कपड्यांपायी, हे मागाहून लक्षात येतं तेव्हा खरा धागा आणि खोटा धागा एका गाठीत आलेले दिसतात. चकव्याने फसलेल्या वाचकाला आपण ठकवले गेलो असं वाटत नाही, याचं निम्मं कारण बॅरीमोर आणि निम्मं हा बूट. खरं उत्तर हाताशी असूनही आपण दुसरीकडे पाहत होतो, असं त्याला स्वतःलाच कबूल करावं लागतं.

डोरोथी सेयर्स बाईंनी तर याहून टोक गाठलं. १९३१ साली त्यांनी ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’ लिहिली. स्कॉटलंडातल्या गॅलोवेमध्ये एक भांडखोर चित्रकार मेलेला सापडतो आणि सहा चित्रकारांवर संशय असतो. त्यातला एक खुनी, म्हणजे पाच चकवे, आणि बाईंनी ते नावातच सांगून टाकलं! प्रेताजवळच्या सामानात काय काय आहे, याची यादी त्या वाचकापुढे ठेवतात. गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी पोलिसाला सांगतो, इथे अमुक एक वस्तू असायला हवी आणि ती नाही. कुठली, ते मात्र बाई छापत नाहीत. हुशार वाचकाला ते कळेलच, असं म्हणून पुढे जातात. ती होती पांढऱ्या रंगाची ट्यूब. पांढरा रंग नसेल, तर तैलचित्र काढणारा माणूस काम करूच शकत नाही, म्हणजे चित्र दुसऱ्याच कोणीतरी काढलं असणार. नॉक्सबुवांच्या आज्ञेचा भंग झाला का? माझ्या मते नाही. यादी पुढ्यात होती, काय नाही ते शोधायचं होतं. ज्यांनी कधी रंगाची ट्यूब हातात धरलेली नाही, त्यांना तो रडीचा डाव वाटला तर त्यांनाही दोष देता येणार नाही.

तुम्ही यादीच्या भानगडीत पडू नका. खरा पुरावा शेवटच्या पानावर गुप्तहेराच्या खिशातून काढा. ‘हे पत्र मला काल पुण्याहून तारेने मागवावं लागलं’ असं तो म्हणाला की झालं. दरड कोसळून रस्ता बंद होता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात राहत नाही. तार बंद झाली, हेसुद्धा राहत नाही.

६. संशयित भरपूर घ्या

सेयर्सबाईंना सहा संशयितांपायी प्रत्येकाचं येणं-जाणं आखावं लागलं, गाड्यांची वेळापत्रकं, सायकली, तिकिटं यांचा मेळ घालावा लागला. वाचकांपैकी काहींना ते वेळापत्रकच चकव्यासारखं वाटतं, पण तो वेगळा विषय. आपल्याकडे सोपी रीत आहे. पुतण्या विश्वास, दुसरी बायको, मुनीम, सखाराम आणि डॉक्टर अशा पाचही जणांना एकेकदा घाम फोडा. पाचही जणांनी एकेकदा फोन घाईने ठेवावा. पाचही जणांवर सारखाच संशय आला की वाचक कोणावरच धरत नाही आणि निमूट शेवटच्या पानाकडे जातो. चकव्यासाठी वाचकाने आधी काहीतरी पैज लावावी लागते, असं म्हणतात. तो पैजच लावणार नसेल तर तुमचं नुकसान होण्याची भीतीही नाही.

डॉक्टरला फार काम नाही, याची मला कल्पना आहे. राहू द्या.

७. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा

आता शेवट. खुनी ठरवण्याची वेळ आली. ज्याच्यावर सर्वांत कमी पानं खर्च झाली असतील त्याला धरा; मुनीम सहसा सापडतो. गुप्तहेराने पाठीमागे हात बांधून फेऱ्या माराव्यात आणि एकेकाला निर्दोष ठरवत जावं. इथे जुन्या चकव्यांची फेड मागितली जाते, तेव्हा थोडं भरभर चाला. बायकोचा फोन? माहेरी केला होता. विश्वासचं गुपित? त्याचं प्रेम होतं. कोणावर ते सांगण्याची गरज नाही. सखाराम? गुप्तहेराने त्याच्याकडे पाहून नुसतं मंद हसावं आणि पुढच्याकडे वळावं. मंद हास्याने जेवढी भोकं बुजतात, तेवढी दहा पानं लिहूनही बुजत नाहीत.

मग मुनीमाने कबुली द्यायची. कबुली लांबलचक असावी आणि मागच्या वीस पानांत ज्याचा पत्ता नव्हता असं सारं तिच्यात यावं: आप्पासाहेबांनी बुडवलेली मुनीमाच्या वडिलांची पतपेढी, बदललेलं आडनाव, वीस वर्षं जपलेला सूड. इन्स्पेक्टरने हे सगळं बेड्या हातात धरून उभ्या उभ्या ऐकावं आणि मध्ये एकही प्रश्न विचारू नये. कबुली संपताच मुनीमाने खिशातली बारीक बाटली तोंडाला लावायची, म्हणजे पुढे खटला, उलटतपासणी, ‘पण त्या रात्री तर तुम्ही’ असल्या प्रश्नांची कटकट उरत नाही. एवढं जहाल विष त्याला त्या पावसात मिळालं कुठून, असं विचारणारा वाचक निघालाच, तर डॉक्टर बंगल्यातच होते. बघा, शेवटी त्यांचाही उपयोग झाला.